हिरवी खूण शिळी होते तेव्हा

दुपारी एक वाजता सगळ्या तपासण्यांतून पास झालेला बदल तीन वाजता पुन्हा तपासायला लागतो. मधल्या दोन तासांत त्यातल्या एका अक्षरालाही कोणी हात लावलेला नसतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अनेक टीममध्ये हे रोज घडते. गिटहबवरच्या एका छोट्या चौकटीत कोणी तरी टिक केलेली असते, हे त्याचे कारण. त्या चौकटीपुढे लिहिलेले असते `Require branches to be up to date before merging`. या नियमामागचा विचार अगदी योग्य आहे. त्याची किंमत मात्र टिक करताना दिसत नाही, ती हळूहळू वसूल होते.

आधी कामाची पद्धत पाहू. एकाच प्रोग्रामवर दहा-बारा जण काम करत असतील तर सगळे थेट मूळ प्रतीत लिहीत नाहीत. मूळ प्रत म्हणजे मेन ब्रँच. तिच्यातून प्रत्येक जण आपली वेगळी ब्रँच काढतो, तिच्यात बदल करतो आणि ‘हे मेनमध्ये घ्या’ अशी विनंती टाकतो. या विनंतीला पुल रिक्वेस्ट म्हणतात, बोलताना नुसते पीआर. पीआर आला की गिटहबच्या भाड्याच्या संगणकांवर आपोआप तपासण्या सुरू होतात. प्रोग्राम नीट बांधला जातो का, जुन्या टेस्ट अजून पास होतात का, हे त्या पाहतात. सगळे ठीक असेल तर हिरवी खूण येते, सहकारी बदल वाचून मान्यता देतो आणि मर्ज केले जाते.

अडचण या हिरव्या खुणेतच आहे. ती ज्या मेनच्या जोडीने मिळाली, ते मेन आता तिथे नसते. दरम्यान दुसऱ्याचा पीआर मर्ज झालेला असतो.

लग्नघरात काकांनी कार्यालय बदलले आणि त्याच सकाळी मावशीने जुन्या कार्यालयाचा पत्ता घालून पत्रिका छापायला दिल्या, तर दोघांची कामे आपापल्या जागी बरोबर असतात. चूक फक्त दोन्ही एकत्र आली की दिसते. कोडमध्येही तसेच होते. समजा बिलाची बेरीज करणाऱ्या फंक्शनला एकाने कराचा दर देणे सक्तीचे केले आणि त्याच दिवशी दुसऱ्याने वेगळ्या फाइलमध्ये ते फंक्शन जुन्या पद्धतीने वापरले:

```python
# पहिला पीआर, billing.py
def bill_total(items, tax_rate):
    ...

# दुसरा पीआर, cart.py
total = bill_total(cart)
```

दोघांच्याही तपासण्या पास होतात. पहिल्याने जुने सगळे वापर दुरुस्त केले आहेत आणि दुसऱ्याच्या ब्रँचमध्ये फंक्शन अजून जुनेच आहे. गिटला इथे संघर्ष दिसत नाही, कारण गिट ओळींची तुलना करते आणि या ओळी वेगवेगळ्या फाइलींत आहेत. दोन्ही पीआर मर्ज झाले की मेन मोडते आणि त्यानंतर मेनमधून ब्रँच काढणाऱ्या प्रत्येकाला मोडका प्रोग्राम मिळतो.

ती चौकट यावरचा उपाय आहे. तिचा नियम असा: तुमच्या ब्रँचमध्ये आजचे मेन सामावलेले असेल आणि त्या जोडीवर तपासण्या पास झाल्या असतील, तरच मर्ज करता येईल. तसे नसेल तर पीआरवर `This branch is out-of-date with the base branch` असे दिसते आणि शेजारी `Update branch` हे बटण येते. ते दाबले की मेनमधले नवे बदल तुमच्या ब्रँचमध्ये येतात, जुनी हिरवी खूण बाद होते आणि तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात.

आता एक दुपार पाहू. आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत, पण ते अवास्तव नाहीत. टीमची एक आवृत्ती उद्या बाहेर पडायची आहे. दहा पीआर मान्य होऊन तयार आहेत आणि दहांवरही हिरवी खूण आहे. एका तपासणीला वीस मिनिटे लागतात. पहिला पीआर मर्ज होतो आणि त्या क्षणी उरलेले नऊ जुने ठरतात. नऊ जण `Update branch` दाबतात आणि नऊ तपासण्या सुरू होतात. वीस मिनिटांनी नऊही हिरव्या. ज्याचा हात आधी पोचला त्याचा पीआर आत जातो आणि आठ जण पुन्हा बटण दाबतात. मग सात, मग सहा. सुरुवातीच्या दहा धरून एकूण तपासण्या होतात १० + ९ + ८ असे करत १ पर्यंत, म्हणजे ५५. हा नियम नसता तर दहांत भागले असते. संगणकाची मिनिटे २०० ऐवजी ११०० लागली. गिटहबच्या टीम योजनेत खासगी प्रकल्पांसाठी महिन्याला ३,००० मिनिटे मोफत मिळतात. त्यांतली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एका दुपारी संपली, तेही प्रत्येक तपासणीत एकच काम चालते असे धरून. चार कामे समांतर चालत असतील तर चौघांचीही मिनिटे मोजली जातात.

पीआरची संख्या दुप्पट झाली की हा खर्च जवळजवळ चौपट होतो. वीस पीआर असतील तर २१० तपासण्या होतील.

टीमने आपसांत ठरवले की ज्याची पाळी त्यानेच बटण दाबायचे, तर तपासण्या १० + ९, म्हणजे १९ वर येतात. यंत्राची उधळपट्टी अशी शिस्तीने थांबवता येते. वेळ मात्र वाचत नाही. पहिल्या मर्जनंतर प्रत्येक पीआरला वीस मिनिटे थांबावेच लागते, त्यामुळे शेवटचा पीआर तीन तासांनी आत जातो. या नियमाखाली मेनमध्ये तासाला तीनच बदल जाऊ शकतात आणि आठ तासांच्या दिवसात चोवीस. माणसे वाढवून किंवा संगणक वाढवून हा आकडा हलत नाही. तो फक्त तपासणीच्या वेळेवर ठरतो. म्हणून तपासणी वीस मिनिटांवरून आठ मिनिटांवर आणणे हीच अशा टीमची सर्वांत किफायतशीर दुरुस्ती, असे माझे ठाम मत आहे.

त्यात आणखी एक त्रास मिसळतो. काही टेस्ट कोडमध्ये दोष नसतानाही अधूनमधून पडतात. कधी नेटवर्क मंद असते, कधी दोन कामांचा क्रम उलटतो. एखादी तपासणी अशी विनाकारण वीसात एकदा पडते असे धरले, तर दहा तपासण्यांत निदान एकदा ती पडण्याची शक्यता सुमारे ४० टक्के येते. ५५ तपासण्यांत तीच ९४ टक्के होते. ज्याची पडली तो पुन्हा चालवतो, तेवढ्यात दुसऱ्याचा पीआर आत जातो आणि याचा पुन्हा जुना ठरतो. माणसांचा जीव मेटाकुटीला येतो तो इथे. मग लाल खूण आली की कारण न वाचताच ‘पुन्हा चालवा’ दाबायची सवय लागते आणि खरी चूकही त्याच सवयीत सुटून जाते.

एक बारकावा अनेक अनुभवी मंडळींनाही ठाऊक नसतो. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये `pull_request` या घटनेवर चालणारी तपासणी नुसत्या तुमच्या ब्रँचवर होत नाही. गिटहब तुमची ब्रँच आणि त्या वेळचे मेन यांचे तात्पुरते मर्ज तयार करते आणि तपासणी त्यावर चालते. म्हणजे चौकटीवर टिक नसली तरी दोन्ही बदल एकत्र कसे वागतात हे एकदा पाहिले गेलेले असते. फक्त नंतर मेन पुढे गेले तर ती तपासणी आपोआप पुन्हा होत नाही. त्यामुळे खरा धोका शेवटची तपासणी आणि मर्ज यांच्यामधल्या काळाचा असतो. सकाळी तपासलेला पीआर दुपारी आत गेला तर तो काळ छोटा असतो. तीन आठवडे पडून राहिलेला पीआर थेट आत घेणे मात्र खरोखर धोक्याचे. नियम या दोघांना एकाच मापाने मोजतो, ही माझी त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार आहे.

मेन कधीच मोडू नये हा आग्रह जुना आहे. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचे जनक ग्रेडन होर यांनी २०१४ मध्ये तो एका छोट्या लेखात मांडला: सगळ्या टेस्ट पास होणाऱ्या कोडचे भांडार यंत्रानेच आपोआप सांभाळावे. त्यांच्या आग्रहात ‘आपोआप’ला महत्त्व होते. रस्टमध्ये बॉर्स नावाचा प्रोग्राम मान्य झालेले पीआर रांगेत लावतो, मेनशी जोडून तपासतो आणि पास झाले तरच पुढे ढकलतो. रस्टची संपूर्ण तपासणी काही तास चालते, म्हणून कमी जोखमीचे अनेक पीआर एकत्र बांधून एकदाच तपासायची पद्धत तिथे रुळली आहे. आपल्या चौकटीने यातली हमी घेतली, पण रांग सांभाळायचे काम माणसांच्या बोटांवर सोडले.

ही उणीव गिटहबच्या मर्ज क्यूने भरून निघते. २०२३ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. मान्य झालेला पीआर रांगेत टाकला की क्यू एक तात्पुरती ब्रँच बनवते. तिच्यात मेन, रांगेत पुढे असलेले सगळे पीआर आणि हा पीआर असतो. पुढचे पास होतील असे गृहीत धरून मागच्यांच्या तपासण्याही त्याच वेळी चालतात. आपल्या दहा पीआरना आधीच्या दहा आणि रांगेतल्या दहा अशा वीस तपासण्या लागतील. सगळ्या एकदम चालवता आल्या आणि कोणीच पडले नाही, तर वीस मिनिटांत दहाही पीआर आत जातील. तिसरा पडला तर त्याला बाहेर काढून मागच्या सातांची तपासणी नव्याने होईल, म्हणजे एकूण २७ तपासण्या आणि साधारण चाळीस मिनिटे. हमी तीच राहते, त्यामुळे क्यू लावल्यावर ती चौकट रिकामी ठेवता येते. गिटलॅबमध्ये याच कामासाठी मर्ज ट्रेन आहे.

क्यू लावताना एक चूक सर्रास होते. तपासणीच्या फाइलमध्ये नवी घटना नोंदवायची राहून जाते:

```yaml
on:
  pull_request:
  merge_group:
```

शेवटची ओळ नसेल तर रांगेतल्या ब्रँचवर तपासणी सुरूच होत नाही. पीआर निकालाची वाट पाहत राहतो आणि मुदत संपल्यावर रांगेतून बाहेर पडतो. कारण शोधताना माणसे टेस्ट चाळत बसतात, पण टेस्ट चाललेल्याच नसतात.

मर्ज क्यू संस्थांच्या खुल्या प्रकल्पांना मिळते. खासगी प्रकल्पासाठी मात्र एंटरप्राइझ क्लाउड योजना लागते, त्यामुळे टीम योजनेवरच्या छोट्या कंपन्यांना ती वापरता येत नाही. त्यांच्यासाठी माझा सल्ला वेगळा आहे. दिवसाला चार-पाच मर्ज होत असतील आणि तपासणी पाच-सात मिनिटांत संपत असेल, तर टिक राहू द्यावी. तिथे नियम जवळजवळ फुकट आहे. दिवसाला पंधरा मर्ज आणि अर्ध्या तासाची तपासणी असेल, तर साडेसात तासांचा दिवस नुसत्या रांगेतच जाईल. तिथे टिक काढावी, प्रत्येक मर्जनंतर मेनवर पूर्ण तपासणी लावावी आणि आठवडाभर पडून राहिलेले पीआर आत घेण्याआधी हाताने अद्ययावत करावेत. मेन लाल झाले तर शेवटचा मर्ज उलटवण्याचा अधिकार त्या दिवसाच्या एका ठरलेल्या माणसाकडे असावा आणि त्याने तो कोणाला न विचारता वापरावा.