‘लीव्ह’ म्हणजे रजा नव्हे

कोथरूडमधला दोन खोल्यांचा फ्लॅट, भाडे महिना १८,००० रुपये, अनामत ५०,०००, मुदत अकरा महिने. एजंटने आणलेला आठ पानी इंग्रजी मसुदा मालकीणबाईंच्या, म्हणजे काकूंच्या, हातात आहे. काकूंना इंग्रजीतल्या तारखा आणि आकडे वाचता येतात. मजकुरासाठी त्यांनी शेजारच्या, भाषांतराची कामे करणाऱ्या मुलीला बोलावले आहे. असा प्रसंग पुण्या-मुंबईत नवलाचा नाही. पण अडचण पहिल्याच ओळीपासून सुरू होते.

लीव्ह अँड लायसन्स. यातल्या ‘लीव्ह’चा रजेशी किंवा निघून जाण्याशी काही संबंध नाही; जुन्या कायदेशीर इंग्रजीत त्याचा अर्थ परवानगी. मराठीत कोणी ‘अनुमती व परवाना करार’ लिहितात, पण बोलताना सगळेच त्याला ‘भाडेकरार’ म्हणतात, आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. भाडेपट्ट्यात राहणाऱ्याला जागेत हक्क मिळतो. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२नुसार परवान्यात मात्र वापराची नुसती परवानगी मिळते, जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. म्हणून भाषांतरात ‘लायसेन्सी’ला ‘भाडेकरू’ केले की काकूंना जे सांगायचे तेच निसटते. त्या मुलीने ‘परवानाधारक’ हा शब्द घेतला आणि पहिल्या पानावरच खुलासा लिहिला: घर वापरायला दिले आहे, घरावर हक्क दिलेला नाही.

शब्दांचा हा कीस पोकळ नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९च्या कलम २४नुसार मुदत संपूनही परवानाधारक निघाला नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. काकूंच्या हिशेबात महिना ३६,०००. शिवाय कलम ५५ सांगते की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला?’ हा सोसायटीच्या कट्ट्यावरचा सल्ला महाराष्ट्रात चालत नाही.

खरी झटापट मात्र नवव्या कलमाशी झाली. एकच वाक्य, पाच ओळींचे: पहिले सहा महिने परवानाधारकाने करार मोडायचा नाही, त्यानंतर कोणत्याही पक्षाने महिन्याची लेखी नोटीस देऊन मोडायचा, आणि तशी नोटीस न दिल्यास महिन्याची रक्कम भरायची. इंग्रजी वाक्याची साखळी तशीच मराठीत ओढली की ‘ज्याअर्थी’, ‘परंतु असे की’ यांच्या जंगलात वाचणारा हरवतो. मुलीने त्याची तीन वाक्ये केली आणि प्रत्येक वाक्यात कर्ता ठळक ठेवला. तेव्हा दिसले की सहा महिन्यांचे बंधन फक्त राहणाऱ्यावर घातले आहे. मालकाबद्दल मसुदा गप्प आहे. ‘मग मी त्यांना दुसऱ्या महिन्यात काढू शकते?’ काकूंनी विचारले. इथे भाषांतरकाराने आपल्या मनाने ‘दोघांवर’ असे लिहून पोकळी बुजवायची नसते. तिने समासात खूण केली आणि प्रश्न वकिलाकडे गेला.

‘फेअर वेअर अँड टेअर एक्सेप्टेड’ हा तुकडाही असाच फसवा. ‘झीज-तूट भरून’ असे लिहिले की अर्थ उलटा होतो. ‘रोजच्या वापराने होणारी झीज वगळून’ म्हणायचे: भिंतीचा रंग उडाला तर तो मालकाचा खर्च, बेसिन फुटले तर राहणाऱ्याचा.

काकूंना सगळ्यात जास्त झोंबले अनामतीचे कलम. ताबा परत देताना, ‘त्याच वेळी’ सर्व अनामत परत करायची, थकबाकी वजा करून. काकूंचा समज होता की शेवटचे विजेचे बिल आल्यावर पैसे द्यायचे. ‘अगं, बिल तर पुढच्या महिन्यात येतं!’ त्या म्हणाल्या. शेवटच्या बिलापोटी अंदाजे रक्कम राखून ठेवावी, असे एक वाक्य दोन्ही बाजूंच्या संमतीने इंग्रजी मसुद्यातच घातले गेले. मराठीत घालून उपयोग नव्हता: सह्या होणार होत्या इंग्रजीवर, आणि नोंदणीही त्याचीच. मराठी प्रत समजण्यापुरती, हे तिच्या माथ्यावर स्पष्ट लिहिले होते. करार मुळातच मराठीत करता येतो, दुय्यम निबंधक तोही नोंदवतात. पण इथे येणारा मुलगा बंगळुरूचा होता.

शेवटी मुलीने पाने मिटली आणि काकूंनाच विचारले, ‘आता प्रत्येक कलम तुम्ही मला सांगा.’ एका ठिकाणी त्या अडखळल्या, तिथले वाक्य पुन्हा लिहिले गेले. कलमांचे क्रमांक दोन्ही प्रतींत एकच ठेवले होते, म्हणून बोट ठेवून पडताळता आले. मग आले सामानाचे परिशिष्ट: चार पंखे, एक गीझर, दोन कपाटे. भाषांतराला सगळ्यात सोपे पान. काकूंनी ते एकदाच वाचले आणि म्हणाल्या, ‘पंखे पाच आहेत. स्वयंपाकघरातला मोजलाच नाही यांनी.’