संयुक्त भेटयोजना : दोन दुकाने, एक ग्राहक

वाढदिवसाचा केक घेणारा ग्राहक अनेकदा फुलेही घेतो. मात्र बेकरी आणि फुलांचे दुकान एकमेकांचे गिऱ्हाईक हिरावून घेत नाहीत. अशा पूरक व्यवसायांना संयुक्त प्रसिद्धी उपयोगी पडते. इन्स्टाग्रामवर एका दुकानाने पाठवलेले सहभागाचे निमंत्रण दुसऱ्याने स्वीकारले, की एकच पोस्ट दोन्ही खात्यांवर झळकते आणि तिच्या प्रतिक्रियाही एकत्र दिसतात.

पोस्टसोबत भेटवस्तूंची सोडत जाहीर करण्याचा मोह होतो. तेथे सावधगिरी आवश्यक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विक्रीवाढीसाठी घेतलेली सोडत, विहित अपवाद वगळता, अनुचित व्यापार प्रथेत मोडते. योजनेचा अंतिम निकाल सहभागींपासून दडवणे हेही त्यातच येते. त्यामुळे प्रत्येक खरेदीदाराला सारखेच सवलत कूपन देणे अधिक सुरक्षित ठरते.

समजा, बेकरीने १०० केकसोबत फुलांवर ५० रुपये सवलतीची कूपने दिली आणि त्यांपैकी २० वापरली गेली. सवलतीचा खर्च १,००० रुपये झाला. त्या २० जणांपैकी १५ जण फुलवाल्याचे नेहमीचेच ग्राहक असतील, तर नवे ग्राहक पाचच मिळाले. म्हणजे प्रत्येकामागे २०० रुपये पडले. म्हणून कूपन घेताना ‘पहिल्यांदाच आलात का?’ हे विचारून नोंद ठेवावी. सवलतीचा भार कोणी किती उचलायचा आणि कूपनाची मुदत किती, हे दोघांनी आधीच लेखी ठरवावे. अन्यथा कूपन घेऊन आलेल्या ग्राहकासमोरच वाद उभा राहतो.