पलंगाखालच्या फरशा मोजा

रिकाम्या खोलीचा फोटो पाहून तिथे डबल बेड मावेल का, हे सांगणं अवघड असतं. म्हणून घर विकणारे एजंट हल्ली रिकाम्या खोलीच्या फोटोत संगणकावर पलंग, पडदे, दिवे बसवून घेतात. याला व्हर्च्युअल स्टेजिंग म्हणतात. खरं फर्निचर भाड्याने आणण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. पण ते नीट झालंय की नाही, हे ठरतं मापावर.

१० बाय ११ फुटांची बेडरूम घेऊ. जमिनीवर दोन बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, म्हणजे रुंदीत पाच आणि लांबीत साडेपाच. फोटो दारातून, छातीच्या उंचीवरून, फोन सरळ धरून काढायचा. फोन वर किंवा खाली झुकला की दाराची चौकट तिरकी दिसते आणि मग कुठलंच फर्निचर नीट बसत नाही. ०.५ची वाइड लेन्सही टाळावी. तिने खोली ऐसपैस दिसते, पण कडेच्या वस्तू ताणल्या जातात.

आता पलंग. क्वीन साइजचा पलंग पाच फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब असतो. दहा फुटी भिंतीच्या मधोमध ठेवला, तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट उरतात. समोरच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट लावलं, की पलंग आणि कपाट यांच्यामध्येही अडीच फूटच राहतात. खोली नांदती आहे, पण दाटीवाटीची. नेमकं हेच लपवण्याचा मोह होतो. पलंग चार फुटांचा केला की कोपऱ्यात आरामखुर्चीही मावते आणि खोली एकदम मोठी भासते.

ही चलाखी टाइल्सवरून पकडता येते. क्वीन पलंगाने रुंदीत अडीच टाइल्स व्यापायला हव्यात. दोनच व्यापल्या असतील, तर पलंग आक्रसलेला आहे. पलंगाच्या कडा टाइल्सच्या सांध्यांबरोबर दूर एकाच बिंदूकडे जायला हव्यात. खिडकी डावीकडे असेल तर सावली उजवीकडे पडायला हवी. पायांशी गडद सावली नसेल तर पलंग तरंगल्यासारखा दिसतो. चकचकीत टाइलवर पायांचं अंधूक प्रतिबिंबही पडायला हवं.

फर्निचर बसवणं वेगळं आणि घर बदलणं वेगळं. ओल आलेली भिंत, छतातली तुळई किंवा खिडकीसमोरची इमारत पुसून टाकली, तर ती फसवणूकच ठरते. २०१६च्या रेरा कायद्यातलं कलम १२ तर विकसकाच्या खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाईचा हक्क देतं.

त्यामुळे विकणाऱ्याने फोटोवर ‘फर्निचर आभासी’ असं स्पष्ट लिहावं आणि शेजारी रिकाम्या खोलीचा मूळ फोटोही द्यावा. घेणाऱ्याने तो मागून घ्यावा, आणि घर बघायला जाताना मोजपट्टी सोबत न्यावी.