चोवीस कॅमेरे, एक अपलिंक: हिशोब कसा मांडायचा

मागच्या भागाखाली एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला होता. दिवसा सगळे कॅमेरे छान दिसतात, मग रात्री काहींचं चित्र का फाटतं? कॅमेरा बदलला, रेकॉर्डर बदलला, तरी फरक नाही. अशा वेळी दोष बऱ्याचदा दोन स्विचना जोडणाऱ्या वायरीत असतो. तिलाच आपण अपलिंक म्हणतो. आज तिचाच हिशोब मांडू.

एक खरं काम डोळ्यांसमोर ठेवू. वडोदऱ्याजवळ एका गोदामाच्या तीन शेड आहेत. प्रत्येक शेडमध्ये ८ कॅमेरे आणि त्यांना वीजही पुरवणारा एक पीओई स्विच. रेकॉर्डर आहे पहिल्या शेडला लागून असलेल्या ऑफिसात. वायर वाचवायची म्हणून तिसऱ्या शेडचा स्विच दुसऱ्याला जोडला, दुसरा पहिल्याला, आणि पहिल्यावरून एक वायर रेकॉर्डरला. गोदामातून रात्री माल गेला आणि फुटेज काढायला बसले, तर नेमक्या त्या वेळचं चित्र राखाडी ठोकळ्यांचं. मालकांनी मला बोलावलं ते यासाठी.

आधी एका कॅमेऱ्याचा खर्च पाहू. हे ४ मेगापिक्सेलचे कॅमेरे होते. मुख्य स्ट्रीमची कमाल मर्यादा ६ एमबीपीएस. त्याशिवाय अनेक चौकटी एकत्र दाखवण्यासाठी रेकॉर्डर प्रत्येक कॅमेऱ्याकडून एक छोटी सब-स्ट्रीमही ओढत होता, ती अर्धा एमबीपीएस. म्हणजे एका कॅमेऱ्याचे साडेसहा. सब-स्ट्रीम हिशोबात धरायची राहून जाते, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता हा आकडा वायरीवायरीने जोडत जायचा. सगळ्यांची एकच बेरीज करून उपयोग नाही, कारण प्रत्येक वायरीवरचा भार वेगळा आहे. तिसऱ्या शेडमधून दुसऱ्या शेडकडे ८ कॅमेरे जातात: ५२ एमबीपीएस. दुसऱ्यातून पहिल्याकडे १६ कॅमेरे: १०४. पहिल्यातून रेकॉर्डरकडे सगळे २४: १५६. नदीला उपनद्या मिळत जाव्यात तसं. पाणी सगळ्यात जास्त शेवटी असतं.

या स्विचचे कॅमेऱ्यांचे पोर्ट १०० एमबीपीएसचे होते आणि अपलिंकचे पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० चे. कागदावर १५६ म्हणजे काहीच नाही. मग चित्र का फाटलं?

इथे लक्षणं नीट वाचायची. पहिल्या शेडचे आठही कॅमेरे रात्रभर स्वच्छ होते. फाटत होते ते दुसऱ्या आणि तिसऱ्या शेडचे. रेकॉर्डर किंवा त्याच्याकडे जाणारी शेवटची वायर कमी पडत असती, तर त्रास चोवीसही कॅमेऱ्यांत विखुरलेला दिसला असता. बिघडलेल्या सोळा कॅमेऱ्यांची एकत्र वाट एकच, ती म्हणजे दुसरी ते पहिली शेड. तिथल्या पोर्टचा दिवा पाहिला. स्विचवरच्या खुणेप्रमाणे गिगाबिटला हिरवा आणि १०० ला पिवळा. दिवा पिवळा होता.

कारण साधं होतं. १०० एमबीपीएसला वायरीतल्या चार जोड्यांपैकी दोनच लागतात, गिगाबिटला चारही. एका टोकाच्या आरजे-४५ मध्ये एक तार नीट दाबली गेली नव्हती. अशा वेळी बरेच स्विच तक्रार न करता १०० वर उतरतात. लिंक चालू असते, दिवा लुकलुकतो, चित्र येतं. त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

पण मग दिवसा कसं चालत होतं? हे कॅमेरे बदलत्या बिटरेटवर होते. चित्रात हालचाल कमी असेल तेव्हा कॅमेरा कमी डेटा पाठवतो. दिवसा एकेक कॅमेरा सब-स्ट्रीमसह साडेचारच्या आसपास होता, म्हणजे सोळांचे ७२. १०० च्या वायरीत बसले. रात्री अंधारात सेन्सर चित्र उजळवतो, तशी त्यात रवाळ दाणे दिसू लागतात. डोळ्याला ते किरकोळ वाटतात, पण कॅमेऱ्याच्या लेखी प्रत्येक दाणा म्हणजे बदल. शिवाय इन्फ्रारेड दिव्यापुढे किडे नाचतात. बिटरेट कमाल मर्यादेला जाऊन टेकतो आणि ७२ चे १०४ होतात. म्हणून हिशोब नेहमी `Max. Bitrate` या रकान्यातल्या आकड्यावर करायचा. तिथे 6144 Kbps असेल तर ६ एमबीपीएस धरा. दिवसा दिसणाऱ्या सरासरीवर जाऊ नका.

बरं, समजा बेरीज ९५ आली असती तर चाललं असतं का? नाही. कॅमेरा डेटा सारख्या धारेने सोडत नाही. ठरावीक अंतराने, समजा दर दोन सेकंदांनी, तो एक पूर्ण चित्र पाठवतो. त्याला आय-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त झालेला बदल असतो. आय-फ्रेम समजा ३०० केबीची. एकाच क्षणी आठ कॅमेऱ्यांनी ती सोडली, तर २४०० केबी एकदम दारात उभे. १०० च्या वायरीला ते बाहेर काढायला जवळपास २०० मिलिसेकंद लागतात. तोवर ते स्विचच्या बफरमध्ये थांबायला हवेत, आणि छोट्या स्विचचा बफर बहुधा काहीशे केबीचाच असतो. उरलेलं सांडतं. यूडीपीवर सांडलं तर पुढच्या आय-फ्रेमपर्यंत चित्र ठोकळ्यांचं राहतं. टीसीपीवर तेच पुन्हा पाठवलं जातं, म्हणून चित्र मागे पडतं, अडकतं, कधी जोडणीच तुटते.

म्हणून मी कमाल आकड्यांची बेरीज लिंकच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवतो. १०० च्या वायरीवर ७०, म्हणजे आपले साडेसहाचे १० कॅमेरे. अकरावा आला की गिगाबिट.

दिवा पाहायची सोय नसेल तर रात्री ऑफिसातल्या लॅपटॉपवरून लांबच्या कॅमेऱ्याला पिंग लावा:

```
ping -t 192.168.1.31
```

वाट मोकळी असेल तर वेळ १–२ मिलिसेकंदांच्या आसपास राहते. वायर तुंबली असेल तर ती दहा-वीस-चाळीसवर उड्या मारते आणि मधूनमधून `Request timed out` येतं. मग हीच पिंग जवळच्या शेडमधल्या कॅमेऱ्याला लावा. तिथे शांत आणि इथे उड्या असतील, तर कोंडी त्या दोन स्विचच्या मध्ये आहे.

गोदामात दोन्ही टोकं नव्याने क्रिंप केली. दिवा हिरवा झाला आणि त्या रात्री सोळाही कॅमेरे स्वच्छ आले. वायर लगेच बदलता येत नसेल, तर फ्रेम २५ वरून १५ करून कमाल मर्यादा ४ वर आणा. सोळा कॅमेऱ्यांचे साडेचारप्रमाणे ७२ होतात. आपल्या रेषेच्या किंचित वर, पण वायर येईपर्यंत निभावतं. मात्र रात्री वेगाने जाणाऱ्या गाडीचा नंबर त्यात पुसट येऊ शकतो, हे मालकाला आधी सांगा.

शेवटचं एक. वायरी मोकळ्या झाल्या की रेकॉर्डरच्या डेटाशीटवर `Incoming Bandwidth` पाहा. तिथे १६० लिहिलेलं असेल, तर आपले १५६ जेमतेम मावतात आणि पंचविसावा कॅमेरा बसत नाही, मग रेकॉर्डर ३२ चॅनेलचा का असेना. चॅनेल म्हणजे खुर्च्या, बँडविड्थ म्हणजे दार. कॅमेरा वाढवण्याआधी दोन्ही मोजा.