पहिली ऑर्डर निघण्याआधी आपल्या गटाचं काय तपासतात?

मैत्रिणींनो, शहरातल्या खरेदीदाराला आपले पापड आवडले, भाव ठरला, की आपल्याला वाटतं ऑर्डर मिळालीच. मग तिकडून निरोप येतो, "आधी तुमचं व्हेंडर रजिस्ट्रेशन होऊ द्या." म्हणजे त्यांच्या पुरवठादारांच्या यादीत आपल्या गटाचं नाव चढायला हवं. त्याशिवाय खरेदी ऑर्डर निघतच नाही.

आपल्याच भागातल्या एका गटाने फॉर्मसोबत गटाचं पॅन, अन्न नोंदणीची प्रत आणि अध्यक्षताईंचं स्वतःचं पासबुक जोडलं. फाइल परत आली. माल गटाचा, पॅन गटाचं, मग पैसे एकट्या बाईच्या खात्यात कसे टाकणार? त्यांचंही बरोबरच होतं. व्यक्तीच्या पॅनचं चौथं अक्षर 'पी' असतं, गटाच्या पॅनचं बहुधा 'ए', त्यामुळे हा घोळ लगेच कळतो.

मग ताईंनी गटाच्या खात्याचा रद्द केलेला चेक पाठवला. आता खरेदीदाराने खात्यावर एक रुपया टाकला. यातून खातं चालू आहे का ते कळतं, आणि बँकेत खातं कोणाच्या नावावर आहे तेही समजतं. ते नाव पॅनवरच्या नावाशी जुळवतात. इथेच गाडं अडलं. पॅनवर 'स्वयंसहायता समूह', बँकेत 'महिला बचत गट'. आपल्याला दोन्ही एकच वाटतं, तपासणाऱ्याला नाही. बैठकीत ठराव करून, पॅनची प्रत जोडून बँकेतलं नाव दुरुस्त करून घ्यावं लागलं. त्यात तीन आठवडे गेले. तोवर भरवशावर आणलेलं साठ किलो उडदाचं पीठ घरात पडून, आणि वर पावसाळा!

चेकबुक जुनं असेल तर आयएफएससी कोडही बघा. देना आणि विजया बँक 2019 साली बँक ऑफ बडोदात गेल्या. त्यांचे जुने कोड 1 मार्च 2021 पासून बंद आहेत. कोड अकरा अक्षरी असतो आणि पाचवं अक्षर शून्य असतं. बायका तिथे हमखास 'ओ' लिहितात.

एक लक्षात असू द्या. एक रुपया टाकायला ओटीपी लागत नाही. फोनवर कुणी ओटीपी किंवा 'नोंदणी फी' मागितली तर फोन ठेवा, आणि खरेदीदाराच्या आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर स्वतः विचारा. तेही असंच करतात. आपण पुढे खातं बदललं तर जुन्या नंबरवर फोन करून खात्री करतात, म्हणून फॉर्मवर घरातल्या मुलाचा नको, सचिवताईंचा नंबर द्या.

कागद जुळले तरी माहिती भरणारा एक आणि मंजुरी देणारा दुसरा असतो. मंजुरीनंतर गटाला व्हेंडर कोड मिळतो, मग नंबर असलेली खरेदी ऑर्डर येते. त्या गटाने आता ठरवलंय, तो नंबर वहीत उतरवल्याशिवाय पीठ आणायचं नाही. बिलावरही तोच नंबर टाकायचा असतो.