ज्योत अडीच फुटांवर होती

प्रयोगशाळेत आग लागली की अहवालात ‘आगीचे कारण’ या रकान्यात बहुतेक वेळा एकच ओळ पडते: विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा. मी महाविद्यालयात रसायनशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्याकडे लागलेल्या एका छोट्या आगीचा अहवाल लिहिताना मी ही ओळ लिहिली नाही, कारण जिच्या बीकरला आग लागली त्या मुलीने सांगितलेली प्रत्येक गोष्ट पाळली होती.

द्वितीय वर्षाची बॅच पॅरा-ब्रोमोएसिटॅनिलाइड शुद्ध करत होती. कच्ची पावडर गरम अल्कोहोलमध्ये विरघळवायची, गाळायची आणि द्रावण गार होऊ द्यायचे, म्हणजे स्वच्छ स्फटिक सुटतात. तिच्या बीकरमध्ये तीसेक मिलिलिटर रेक्टिफाइड स्पिरिट होते. वॉटर बाथचे पाणी आधी तापवून, बर्नर बंद करून, मगच तिने बीकर त्यात ठेवला होता. पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, अडीच फुटांवर, दुसरा गट मूलद्रव्ये ओळखण्यासाठी सोडियमची फ्यूजन ट्यूब बर्नरवर लाल होईपर्यंत तापवत होता. आणि ज्योत हलू नये म्हणून पंखे बंद होते.

खरे कारण या तीन गोष्टींच्या एकत्र येण्यात आहे. स्पिरिट द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी वाफ त्यातून निघत असते. ७८ अंशांच्या आसपास ते उकळू लागले की बीकरच्या रुंद तोंडातून ती भराभर बाहेर पडते. ही वाफ हवेच्या दीडपटीहून जड असते, त्यामुळे ती छताकडे न जाता टेबलावर उतरते आणि पृष्ठभागालगत पसरत जाते. हवेत तिचे प्रमाण साधारण ३ ते १९ टक्के असेल, तर ज्योत लागताच ती पेटते. पंखे बंद असल्याने ती विरळ झाली नाही. पलीकडच्या बर्नरपाशी ती पेटली आणि ज्वाला उलट वाटेने बीकरपर्यंत आली.

स्पिरिटची ज्वाला फिकट निळी असते, दिवसाच्या उजेडात पटकन दिसत नाही. बीकरवरची हवा थरथरताना दिसली, तेव्हा कळले. “काका, पाणी टाकू?” म्हणत एका मुलाने वॉश बॉटल उचलली. त्याला थांबवले. स्पिरिट पाण्यात मिसळते हे खरे. पण काठोकाठ भरलेल्या गरम बीकरमध्ये पाण्याची धार मारली, तर जळते द्रावण उसळून टेबलभर सांडते. टोल्युइनसारखा पाण्यात न मिसळणारा द्रव असता, तर तो पाण्यावर तरंगत जळत राहिला असता. बीकर उचलून बेसिनकडे नेणे त्याहून धोक्याचे, कारण हात भाजला की तो सुटणारच.

मुलांना मागे सरकवले, एकाला गॅसची मुख्य चावी बंद करायला सांगितले आणि मोठी वॉच ग्लास चिमट्याने बाजूने सरकवत बीकरच्या तोंडावर ठेवली. हवा तुटली, ज्वाला विझली. बीकर गार होईपर्यंत झाकण काढले नाही. लगेच उघडले तर गरम वाफेला पुन्हा हवा मिळते. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर हाताशी होता, वापरावा लागला नाही. तो वापरताना दीड-दोन मीटर अंतर ठेवावे लागते. जवळून मारलेला झोत बीकरच उलथवतो. खिडक्या उघडल्या, पण वाफ निघून जाईपर्यंत पंख्याच्या बटणाला हात लावू दिला नाही, कारण बटणातली ठिणगीही पुरते. मुलीच्या बोटांना चटका बसला होता. तिचा हात वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरला. बर्फ किंवा टूथपेस्ट लावली नाही.

अहवालातल्या उपाययोजना या कारणांतूनच आल्या. स्पिरिट तापवण्याचे आणि बर्नरचे प्रयोग आता एका वेळी एका खोलीत होत नाहीत. त्यामुळे स्पिरिटच्या दिवशी एक्झॉस्ट फॅन चालू ठेवता येतो. वॉटर बाथ विजेवरचा आहे. बीकरऐवजी गोल बुडाचा फ्लास्क आणि त्यावर उभा कंडेन्सर लावतो, म्हणजे वाफ गार होऊन परत फ्लास्कमध्येच पडते. स्पिरिटची मोठी बाटली कपाटात राहते. टेबलावर लागेल तेवढेच, बूच लावून देतो.

या उपायांनाही मर्यादा आहे. कंडेन्सर नळाच्या पाण्यावर चालतो. उन्हाळ्यात टाकी रिकामी झाली की धार बारीक होते आणि वाफ वरच्या तोंडातून निसटू लागते. म्हणून फ्लास्क तापत असेपर्यंत बेसिनमध्ये सोडलेल्या नळीतून पाणी पडते आहे की नाही, यावर लक्ष ठेवण्याचे काम एका विद्यार्थ्याकडे असते. धार थांबली की तो आधी वॉटर बाथचे बटण बंद करतो, मग मला हाक मारतो.