मूठभर शेंगदाणे, मोजून

इंदापूर तालुक्यातील वरकुटेसारख्या गावात दुपारी चारला चहाबरोबर बिस्किटे येतात. मैदा आणि साखर लवकर पचते, म्हणून तासा-दीड तासात पुन्हा भूक लागते. भाजलेल्या शेंगदाण्यांत प्रथिने, तेल आणि चोथा असल्याने ते सावकाश पचतात व रात्रीच्या भाकरीपर्यंत पोटाला आधार राहतो. बदाम-काजू महाग, पण हे काम शेंगदाणेही चांगले करतात.

मात्र माप हवे. सोललेल्या दाण्यांची एक छोटी मूठ म्हणजे सुमारे 30 ग्रॅम, त्यात साधारण 170 कॅलरी. गप्पा मारता मारता पाव किलोची पुडी संपली, तर 1,400 कॅलरी पोटात जातात; बसून काम करणाऱ्या बाईच्या दिवसभराच्या गरजेच्या निम्म्याहून बऱ्याच जास्त! म्हणून दाणे वाटीत काढून घ्यावेत आणि डबा आत ठेवावा. ते बिस्किटांच्या जागी खावेत. बिस्किटे खाऊन वर दाणे खाल्ले, तर वजन वाढणारच. चिक्कीत गूळ असल्याने तिचा लहान तुकडा पुरे. मनुकाही चमचाभरच, कारण ती सुकवलेली द्राक्षे, म्हणजे बरीचशी साखरच.

बुरशी आलेले, काळपट, सुरकुतलेले किंवा कडू दाणे निवडून फेकावेत. त्यांतील विष भाजल्यानेही पूर्ण जात नाही. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात; त्यांना बारीक कूट द्यावे. ज्यांना शेंगदाण्याने अंगावर गांधी उठतात किंवा धाप लागते, त्यांनी मात्र ते अजिबात खाऊ नयेत.